ओडू प्रणालीतील गोदामाची कप्पारचना, साठवण नियम आणि उचलक्रम

ओडू ही मूळची बेल्जियममधील ईआरपी, म्हणजे उद्योगाचे सर्व व्यवहार एकत्र नोंदवणारी संगणकप्रणाली आहे. २००५ मध्ये ती टायनीईआरपी या नावाने सुरू झाली. पुढे तिला ओपनईआरपी हे नाव मिळाले आणि २०१४ पासून ती ओडू या नावाने ओळखली जाते. तिच्या साठा विभागात गोदामातील प्रत्येक कप्प्याला पत्ता देता येतो. आलेला माल कोणत्या कप्प्यात ठेवावा हे साठवण नियम सुचवतात, तर मागणी आल्यावर कोणत्या कप्प्यातील कोणता माल आधी काढावा हे उचलक्रमाने ठरते. मुदत असलेल्या मालाच्या बाबतीत, उदाहरणार्थ औषधांच्या बाबतीत, या दोहोंचा मेळ बसला नाही तर चांगला माल गोदामातच कालबाह्य होतो.

## कप्प्याचा पत्ता

ओडूमध्ये गोदामातील जागा एकात एक अशा रचल्या जातात. गोदामात साठ्याची मुख्य जागा, तीत रांग, रांगेत मांडणी आणि मांडणीत कप्पा असा हा क्रम असतो. पूर्ण पत्ता तिरप्या रेघांनी जोडून पडद्यावर दिसतो:

```
WH/Stock/A/03/02
```

येथे `WH` हे गोदाम, `Stock` ही साठ्याची मुख्य जागा, `A` ही रांग, `03` ही मांडणी आणि `02` हा कप्पा आहे. आकड्यांपूर्वीचे शून्य निरर्थक नाही. ‘जवळची जागा आधी’ हा उचलक्रम निवडल्यास प्रणाली पावलांचे अंतर मोजत नाही, तर पत्त्यांचा अक्षरक्रम लावते. अक्षरक्रमात `10` हा `2` च्या आधी येतो. त्यामुळे शून्याविना क्रमांक दिलेल्या गोदामात कामगाराला दुसऱ्या मांडणीआधी दहाव्या मांडणीकडे जावे लागते.

## साठवण नियम

साठवण नियमात तीन गोष्टी सांगाव्या लागतात: माल कोणत्या जागी आला, तो कोणता आहे आणि तो कोठे ठेवायचा. नियम एखाद्या वस्तूसाठी किंवा वस्तूंच्या संपूर्ण वर्गासाठी करता येतो. दोन्ही नियम लागू होत असतील, तर वस्तूचा नियम वर्गाच्या नियमावर मात करतो.

कप्प्यांचे साठवण प्रकार ठरवून त्यांना क्षमताही देता येते. एका कप्प्यात किती नग किंवा किती वजन मावेल हे त्यात नोंदवतात. नवा माल कप्प्यात कधी घ्यावा याचेही तीन पर्याय असतात: कप्पा रिकामा असेल तरच, आधीचा माल त्याच वस्तूचा असेल तर, किंवा कोणत्याही मिश्रणास मुभा. यांपैकी दुसरा पर्याय फसवा ठरू शकतो. वस्तू एकच असली तरी तिच्या दोन बॅचची मुदत वेगवेगळी असू शकते आणि हा पर्याय त्या दोन्ही बॅच एकाच कप्प्यात येऊ देतो.

एकही नियम लागू झाला नाही किंवा जागा उरली नाही, तर माल कप्प्याऐवजी वरच्या जागेच्या, बहुधा `WH/Stock` च्या, नावावर नोंदला जातो. साठ्याच्या यादीत या मुख्य जागेवर थेट माल दिसू लागला, तर नियम अपुरे आहेत किंवा कप्पे भरले आहेत असे समजावे.

## उचलक्रम

वेगळी निवड केली नाही, तर ‘आधी आलेले आधी बाहेर’ हा क्रम लागू असतो. त्यात साठा गोदामात आल्याची तारीख पाहिली जाते. मुदतीच्या मालासाठी ‘आधी मुदत संपणारे आधी बाहेर’ हा क्रम आहे. मात्र तो छापील मुदतीच्या तारखेवर चालत नाही. मुदतीच्या किती दिवस आधी माल साठ्यातून निघाला पाहिजे हे वस्तूच्या नोंदीत दिलेले असते आणि त्यावरून आलेल्या ‘काढण्याच्या तारखे’वर हा क्रम लावला जातो.

उचलक्रम वस्तूंच्या वर्गावर आणि जागेवर अशा दोन्ही ठिकाणी नोंदवता येतो. दोन्हींत भेद असल्यास वर्गावरील नोंद प्रमाण मानली जाते. क्रम बदलला तरी पूर्वीच राखून ठेवलेल्या मालाची निवड आपोआप बदलत नाही. ती राखण रद्द करून उपलब्धता पुन्हा तपासावी लागते.

## उदाहरण

एका काल्पनिक औषध गोदामात एकाच गोळीच्या दोन बॅच आहेत असे समजू. ‘क’ बॅचचे १०० खोके ३ मार्च २०२५ रोजी आले आणि त्यांची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत आहे. ‘ख’ बॅचचे ८० खोके २ एप्रिलला आले, पण त्यांची मुदत ३१ ऑगस्टलाच संपते. मुदतीला ६० दिवसांहून कमी उरलेला माल ग्राहक घेत नाहीत, म्हणून काढण्याची तारीख ६० दिवस आधीची ठेवली आहे. ती ‘क’साठी १ नोव्हेंबर आणि ‘ख’साठी २ जुलै येते. १० मे, १० जून आणि १० जुलै रोजी प्रत्येकी ६० खोक्यांची मागणी आहे.

आवकेच्या तारखेप्रमाणे माल काढला, तर मे महिन्यात ‘क’चे ६० खोके जातात. जूनमध्ये ‘क’चे उरलेले ४० आणि ‘ख’चे २० खोके जातात. १० जुलैला गोदामात ‘ख’चेच ६० खोके असतात; पण त्यांची काढण्याची तारीख उलटून गेल्याने ते पडून राहतात.

मुदतीप्रमाणे माल काढला, तर मे महिन्यात ‘ख’चे ६० खोके जातात. जूनमध्ये ‘ख’चे उरलेले २० आणि ‘क’चे ४० खोके निघतात. जुलैची मागणी ‘क’च्या शेवटच्या ६० खोक्यांनी पुरी होते. साठा तोच आणि मागणीही तीच, तरी एकही खोका वाया जात नाही.

हा लाभ मिळण्यासाठी साठवण नियमाची साथ लागते. दोन्ही बॅच एकाच कप्प्यात असतील, तर प्रणालीने ‘ख’ सांगूनही कामगाराच्या हाती पुढे रचलेली बॅच येऊ शकते. म्हणून अशा वस्तूंच्या कप्प्यांना ‘रिकामा असेल तरच’ हा पर्याय द्यावा. मग एका कप्प्यात एकच बॅच राहते. त्यासाठी कप्पे अधिक लागतात आणि अर्धवट रिकामी जागा अडून राहते, ही या पद्धतीची किंमत होय.

## नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांतील तफावत

प्रणालीला मालाची केवळ नोंद ठाऊक असते. कामगाराने शेजारच्या कप्प्यातील माल उचलून सुचवलेल्या कप्प्याचीच नोंद कायम केली, तर एकूण साठा बरोबर दिसतो, पण दोन्ही कप्प्यांची शिल्लक चुकते. कप्पानिहाय मोजणीत एका ठिकाणी जितके खोके कमी, तितकेच शेजारी जास्त आढळले, तर चोरी किंवा गहाळ मालापेक्षा चुकीच्या उचलीची शक्यता अधिक असते.

दुसरा दोष मुदत न भरल्याने होतो. ज्या बॅचला काढण्याची तारीखच नाही, ती तारीख असलेल्या बॅचनंतर उचलली जाते. ताज्या बॅच निघून जात असताना एखादा जुना कप्पा महिनोन् महिने तसाच भरलेला राहिला, तर प्रथम त्या बॅचची तारीख भरली आहे का ते पाहावे.