मागून डोलणारी गाडी आणि चिमट्याचे बुश

वळणावर गाडी आडवी घेतली की पुढचं चाक बरोबर जातं, मागचं मात्र क्षणभर उशिरा मागे येतं. ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग किंचित एका बाजूला सरकतो आणि पुन्हा पिळला की जागेवर येतो. मागच्या टायरमध्ये हवा कमी असावी असं वाटतं, पण थांबून बघावं तर हवा ठीक असते. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बरेचदा एकच गोष्ट होते. मेकॅनिक चिमट्याचा नट आवळतो आणि "आता बघा साहेब" म्हणून गाडी हातात देतो. फरक पडत नाही. तो पडणं शक्यही नसतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तो चिमटा, म्हणजे स्विंगआर्म. त्याचं पुढचं टोक इंजिनाच्या मागे एका लांब बोल्टवर अडकवलेलं असतं आणि त्या बोल्टभोवतीच चिमटा वर-खाली होतो. पण चिमटा थेट बोल्टवर फिरत नाही. बोल्टवर पोलादी नळी असते, तिला कॉलर म्हणतात. कॉलरवर बुश किंवा बेअरिंग असतं आणि त्यावर चिमटा. नट आवळल्यावर चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये कॉलर घट्ट दाबली जाते. झीज मात्र कॉलर आणि बुश यांच्यामध्ये होते. त्या फटीपर्यंत नटाचा दाब पोहोचतच नाही. प्रमाणाबाहेर आवळलं तर बोल्टची आटी खराब होतात, चिमटा जखडूही शकतो, पण झिजलेलं बुश पूर्ववत होत नाही.

ही फट डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान असते, तरी गाडी डोलते. हिशोब करून पाहू. समजा डावं आणि उजवं बुश एकमेकांपासून 20 सेंटिमीटरवर आहेत आणि मागचा ॲक्सल त्यांच्यापासून 50 सेंटिमीटर मागे आहे. दोन्ही बुशांत फक्त 0.3 मिलिमीटर खेळ पडला, तर चिमटा तिरका होऊन ॲक्सलपाशी जवळपास दीड मिलिमीटर आडवा सरकतो. त्यात चेन एकाच बाजूला असते. ॲक्सिलरेटर पिळला की ती चिमट्याची ती बाजू पुढे ओढते, सोडला की ओढ संपते. म्हणून गिअरमध्ये ॲक्सिलरेटर उघडता-मिटता मागचा भाग हलल्यासारखा वाटतो. वळणात खड्डा आला तर हे जास्तच जाणवतं.

दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या साध्या गाड्यांत प्रश्न बहुधा या बुशांपाशीच संपतो. हिमालयन 411 किंवा आर15 सारख्या गाड्यांत मात्र मध्ये एकच शॉकअप असतो आणि तो चिमट्याला लिंकेजमार्फत जोडलेला असतो. लिंकेज म्हणजे एक छोटी तरफ आणि तिला जोडणाऱ्या दांड्या. प्रत्येक सांध्यात बुश किंवा बारीक रोलरचं बेअरिंग असतं. चाक जितकं वर-खाली होतं, त्याच्या अर्ध्याहून कमी शॉकअप हलतो. म्हणून शॉकअपजवळचा थोडासा खेळही चाकापाशी दुपटीहून मोठा होऊन येतो आणि प्रत्येक सांध्याची त्यात भर पडत जाते. वर हे सगळं चाकाच्या पुढे, अगदी खाली बसवलेलं. चिखल, पाणी आणि वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा थेट तिथेच बसतो. फवाऱ्याचं पाणी सील ओलांडून आत जातं आणि ग्रीस बाहेर निघतं.

ओळखीतल्या एकाची हिमालयन कोकणातल्या पावसात रोज चालायची. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून 'टक' असा आवाज यायचा. टायर बदलून झाला होता आणि नवा शॉकअप घ्यायचं जवळपास ठरलं होतं. त्याआधी आम्ही गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी केलं आणि एकेक शंका दूर करत गेलो.

पहिला संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवायचं आणि नजर चिमट्यावर ठेवायची. चिमटा स्थिर राहून फक्त चाक हललं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. चिमटाही सोबत हलला तर पुढे जायचं. आमच्याकडे दोन्ही स्थिर होते. मग चिमट्याचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकललं आणि दुसऱ्या हाताचं बोट पिव्होटपाशी असं ठेवलं, की अर्धं चिमट्यावर, अर्धं चेसिसवर. खेळ असेल तर बोटाखाली तो सरळ कळतो. तिथेही काही नव्हतं. शेवटी टायर खालून धरून अगदी हलकेच वर उचलला. शॉकअपच्या स्प्रिंगवर आधीच ताण असतो, त्यामुळे हाताच्या हलक्या जोराने ती दबत नाही. चाकाने लगेच प्रतिकार करायला हवा. इथे मात्र चाक आधी थोडं मोकळं वर गेलं आणि मग 'टक' झालं. एकाने चाक उचलत राहायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जायचं, असं केलं तेव्हा दांडी आणि तरफ यांच्यामधला सांधा सापडला.

तो बोल्ट काढल्यावर ग्रीसऐवजी तांबूस भुकटी निघाली. कॉलरवर रोलरच्या रेघा उमटल्या होत्या. त्यावरून नख फिरवलं की अडकायचं. अशी कॉलर पुसून परत घालण्यात अर्थ नाही. बेअरिंग, कॉलर आणि सील तिन्ही एकत्र बदलावीत. जुनं बेअरिंग काढण्याआधी ते किती आत बसलंय हे मोजून ठेवावं आणि नवं हातोड्याने न ठोकता प्रेसने किंवा व्हाइसमध्ये सरळ दाबून बसवावं. ग्रीस पाण्याने न धुपणारं घ्यावं. बोल्ट कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळावा. शॉकअप बदलावा लागला नाही.

तपासताना एक अडचण येते. ज्या गाडीला मेन स्टँड नाही, ती लोक पॅडॉक स्टँडवर घेतात. पण हा स्टँड चिमट्यालाच खालून आधार देतो, गाडीचं वजन लिंकेजवर तसंच राहतं आणि खेळ लपतो. अशी गाडी चेसिसला आधार देऊन उचलली पाहिजे. सायलेन्सरखाली जॅक लावू नये.

रोजच्या वापरातल्या अनेक गाड्यांत रबराचे बुश असतात, त्यांची गोष्ट वेगळी. आतली आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. चिमटा हलतो तेव्हा काही घसरत नाही, रबरच पिळलं जातं. म्हणून तिथे ग्रीस लागत नाही, उलट ऑइल-ग्रीसने रबर फुगतं. चिमटा आडवा ढकलल्यावर तो किंचित लवचिकपणे परत आला तर रबर शाबूत आहे. 'टक' असा कोरा खेळ लागला, किंवा बुशाच्या कडेला रबर फाटून नळीपासून सुटलेलं दिसलं, तर बुश गेलं. नवं बसवताना पिव्होटचा नट चाक लोंबत असताना पूर्ण आवळू नये. शॉकअप जोडून गाडी जमिनीवर टेकवावी, चिमटा नेहमीच्या उंचीवर आला की मगच आवळावा. नाही तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही एवढी काळजी बहुतेक ठिकाणी घेतली जात नाही, म्हणून गाडी देतानाच मेकॅनिकला ते सांगून ठेवावं.

लिंकेजची गाडी असेल तर दर पावसाळ्यानंतर सांधे उघडून, पुसून, नवं ग्रीस भरून घ्या. साध्या सर्व्हिसिंगमध्ये हे काम बहुधा धरलेलं नसतं, ते वेगळं मागावं लागतं. आणि मागून गाडी डोलत असताना कुणी नुसता नट आवळून परत देत असेल, तर तिथेच मेन स्टँडवर घेऊन चाक हलकेच उचलून दाखवायला सांगा.