एका रात्रीचं एकच कार्ड

रात्री साडेनऊला चार वर्षांची मुलगी चौथ्यांदा पाणी मागायला बाहेर येते. थकलेली आई म्हणते, “झोप, चॉकलेट देते.” ही झाली लाच. उद्या पाचवी फेरी नक्की!

तक्त्याचे नियम दिवसा, शांतपणे ठरवावेत. ‘लवकर झोपली’ यासाठी स्टिकर नको. झोप लागणं तिच्या हातात नसतं, अंथरुणात राहणं असतं. १९९९मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी एका कार्डाची युक्ती मांडली. ते देऊन रात्री एकदाच, छोट्या कामासाठी बाहेर यायचं. नंतर आली, तर गप्पा न मारता परत अंथरुणात. वापरलेलं कार्डही नियमातच बसतं, म्हणून सकाळी स्टिकर मिळतो.

चिकटवलेला स्टिकर मात्र कधीही काढू नये.