अलंकार : जिभेचे आणि गळ्याचे

संध्याकाळच्या वेळी गावातल्या कोणत्याही गल्लीतून चालत गेले, तर एखाद्या तरी घरातून पेटीचा सूर आणि त्याबरोबर ‘सारेग, रेगम, गमप’ असा चिमुकला आवाज ऐकू येतो. पालक समाधानाने म्हणतात, “हिचे दहा अलंकार पाठ झाले.” हा ‘पाठ’ शब्द मला थोडा अडचणीचा वाटतो. पाढे पाठ होतात, स्तोत्रे पाठ होतात; कारण त्यांचे काम जिभेचे आहे. अलंकार मात्र जिभेला पाठ होऊनही गळ्याला मुळीच ठाऊक नसतो, असे फार वेळा घडते. हे कसे घडते आणि ते कसे ओळखावे, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

अलंकार म्हणजे स्वरांची एक आकृती घेऊन तीच पुढच्या पुढच्या स्वरापासून म्हणत जाणे. गवयी लोक यालाच पलटा म्हणतात. कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त अलंकारांचे सविस्तर वर्गीकरण आढळते. पण त्यांना शाळेतल्या धड्यांसारखे क्रमवार रूप आले, ते गाणे वर्गात शिकवले जाऊ लागल्यावर. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून ही रीत रूढ होत गेली. तिचे उपकार मोठे आहेत. मात्र वीस मुले एका सुरात म्हणू लागली, की एकाचा चुकलेला सूर एकोणीस सुरांत लपतो, हेही तितकेच खरे.

प्रारंभ साध्या सप्तकाने करतात : सा रे ग म प ध नी सां. (सां म्हणजे वरचा, तार सप्तकातला सा.) सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाटाचे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. या आठ स्वरांमधल्या सात पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. पेटीवर पाहा. सा आणि रे यांच्या मध्ये एक पट्टी सुटते, रे आणि ग यांच्या मध्येही सुटते. पण ग आणि म यांच्या मध्ये एकही पट्टी नाही, आणि नी व सां यांच्या मध्येही नाही. पाच पायऱ्या मोठ्या, दोन लहान. जिभेला मात्र ‘ग म’ आणि ‘सा रे’ म्हणताना सारखेच श्रम पडतात. सगळी फसगत येथे आहे.

चढताना मूल सहसा फारसे चुकत नाही. खरी परीक्षा उतरताना होते, कारण अवरोहाची पहिलीच पायरी, सां वरून नी वर येण्याची, लहान आहे. चढून दमलेले मूल ती मोठी समजून उतरते. नी नेहमीच्या जागेहून खाली पडतो, श्वासही संपत आलेला असतो, आणि पुढचे स्वर त्याच उतारावरून थोडे थोडे घसरत खालच्या सा पर्यंत येतात. म्हणून माझी पहिली कसोटी अशी : आरोह पेटीबरोबर म्हणू द्यावा, तार सा वर पोहोचताच पेटी थांबवावी, केवळ तंबोरा चालू ठेवावा. मुलाने एकट्याने खाली यावे. शेवटचा सा तंबोऱ्यात मिसळून दिसेनासा झाला, तर तो बरोबर. त्याच्याशी घासून थरथर उठली, तर उतरला. ही थरथर संगीत न शिकलेल्या आईलाही ऐकू येते. तंबोऱ्याचे यंत्र आता पुष्कळ घरांत असते, त्याने काम भागते.

पेटीवर माझा राग आहे, असे कोणी समजू नये. आकाशवाणीने 1940 साली तिला दूर केले आणि तीसेक वर्षांनी पुन्हा जवळ केले. त्या वादात मी शिरत नाही. इतकेच म्हणतो की पेटी मुलाच्या आधी सूर देते, आणि मूल ऐकण्याऐवजी तिच्यामागून चालू लागते. शिवाय तिचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार शांतपणे ऐकली, तर तिच्या पोटातूनच एक गंधार उमटतो. तो पेटीच्या गंधारापेक्षा थोडा खाली आणि फार गोड लागतो.

दुसरा अलंकार सासा रेरे गग मम. दिसायला पोरखेळ. पण त्याचा दुसरा सा ही पहिल्या सा ची तपासणी आहे. बहुतेक मुले पहिला स्वर खालून ओढून आणतात आणि दुसरा त्याच्या नेमक्या जागी लागतो. किंवा पहिला नीट लागतो आणि श्वास सैल पडल्याने दुसरा खचतो. दोन्ही दोष वेगळे आहेत. पहिल्यात कान उशिरा जागा होतो. तेथे म्हणण्याआधी क्षणभर थांबून स्वर मनात ऐकण्याची सवय लावावी. दुसऱ्यात दोष दमसासाचा. तेथे प्रत्येक जोडीला नवा श्वास घेऊ द्यावा आणि आठवड्याभराने दोन जोड्या एका श्वासात म्हणवाव्यात. घाई नको. एका स्वराला सुमारे एक सेकंद, याहून जलद म्हटले तर चूक ऐकूच येत नाही.

आता ज्या अलंकाराला मी सर्वांत जास्त दिवस देतो, त्याकडे येतो. सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां. पाच तुकडे, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे चढताना वीस आणि उतरताना वीस. चाळीस मात्रांत केरव्याची पाच आवर्तने नेमकी बसतात, त्यामुळे मुले तो आनंदाने म्हणतात. जिभेच्या दृष्टीने पाचही तुकडे एकाच साच्याचे. गळ्याच्या दृष्टीने पाहा. सारेगम मध्ये दोन मोठ्या पायऱ्या आणि शेवटी लहान. रेगमप मध्ये लहान पायरी मधोमध आली. गमपध मध्ये ती आरंभीच आली. आणि मपधनी मध्ये ती नाहीच. तिन्ही पायऱ्या मोठ्या. पधनीसां मात्र पुन्हा सारेगम सारखाच, जणू त्याचे धाकटे भावंड वरच्या मजल्यावर राहायला गेले आहे.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी येत असे. तिच्या आईने सांगितले, “गुरुजी, हा अलंकार ती झोपेतही म्हणेल.” तिने म्हटला, आणि वेगाने म्हटला. मग मी पेटी मिटली व तिला केवळ चौथा तुकडा सावकाश म्हणायला सांगितले : म, प, ध, नी. नी वर थांबवले. “आता येथून सां घे पाहू.” तिने सां घेतला, बरोबर घेतला; पण नी पासून तिथवर जाताना तिला चांगलीच उडी मारावी लागली. खरे म्हणजे ती पायरी लहान असायला हवी होती. याचा अर्थ तिचा नी कोमल निषादाकडे झुकला होता. तिने आधीच्या तीन तुकड्यांत पहिल्या स्वरापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सारखेच ऐकले होते, पेटीच्या पट्ट्यांनी मोजले तर पाच घरांचे. गळ्याने तीच सवय चौथ्या तुकड्याला लावली. तेथे मात्र सहा घरे चालून जावे लागते. मुलगी बेसुरी नव्हती. उलट तिचा गळा शहाणा होता, म्हणून तो आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधत होता.

उपाय असा केला. नी खालून न आणता वरून आणला. प्रथम सां लांबवावा, मग सां नी सां, सां नी सां असे लहान पायरीवर झुलावे. नी ची जागा अशी वरच्या सा च्या आधाराने ठरली, की सां नी ध प म असे उतरावे आणि तेथून फिरून म प ध नी चढावे. रोज पाच मिनिटे, एवढेच. पंधराएक दिवसांत नी जागेवर आला. पुढे एके दिवशी तिनेच मला विचारले, “गुरुजी, म पासून नी जरा लांब का वाटतो?” तिला तो लांब वाटू लागला, म्हणजे ते अंतर तिच्या कानाने मोजले होते.

हे साधल्यावरच उड्यांचे अलंकार द्यावेत : साग, रेम, गप, मध, पनी, धसां. येथे मधला स्वर उच्चारायचा नाही, पण मनात ऐकायचा आहे. उड्याही सारख्या नाहीत. सा-ग, म-ध आणि प-नी या चार घरांच्या. रे-म, ग-प आणि ध-सां या तीन घरांच्या. मूल सगळ्या एकाच मापाने मारू लागले, तर रे-म मधला म चढा येतो. तेव्हा ‘रे, मनात ग, मग म’ असे एकदा म्हणवून घ्यावे. म्हणजे म आपोआप खाली येतो. त्यापुढची साम, रेप, गध, मनी ही उडी तर वर सांगितलेलीच अडचण उघडी करून दाखवते.

हे सर्व अक्षरांनी झाले, की तेच आकारात म्हणवावे. अक्षरांत स, र, ग ही व्यंजने प्रत्येक स्वराला आरंभ देतात, त्यामुळे स्वर आपोआप सुटे होतात. आकारात हा आधार जातो. मग दोन प्रकार ऐकू येतात : एक तर सारेग हा एकच चिकट सूर होऊन बसतो, नाहीतर मूल ‘हा हा हा’ करून प्रत्येक स्वराला हवेचा धक्का देते. दुसऱ्या प्रकारात दम लवकर संपतो, त्यावरून तो ओळखावा. दोन्हींवर तोड एकच : लय निम्मी करावी, दोन स्वरांपासून आरंभ करावा, आणि गळ्यावर ताण देऊ नये.

शेवटी पट्टीविषयी. मुलाचा सा गुरुजींच्या गळ्यावरून ठरवू नये. खाली मंद्र नी आणि वर तार रे हे दोन्ही न ओरडता लागतील, तो सा त्याचा. लहान मुलांत तो बहुधा काळी चार ते काळी एक यांच्या आसपास सापडतो. मुलगा बारा-चौदा वर्षांचा होऊन आवाज फुटू लागला, की मात्र हा हिशेब मोडतो. त्या काळात तार सा पर्यंतचे अलंकार बंद ठेवावेत, सा खाली आणावा, आणि मध्य सप्तकातल्या पाच स्वरांतच सासा रेरे आणि सारेग, रेगम हलक्या आवाजात चालू ठेवावेत. आवाज नवीन जागी स्थिर होईपर्यंत काही महिने जातात, कधी वर्षही. तोवर दर महिन्याला सा नव्याने तपासावा लागतो.