तलाकच्या नियमांमध्ये नमाज कशी आली?

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, म्हणजे सूरा बकरामध्ये, २२६व्या आयतीपासून नवरा-बायकोच्या फारकतीचे नियम सुरू होतात. पत्नीजवळ जाणार नाही अशी शपथ घेणाऱ्याला चार महिन्यांची मुदत आहे. तलाकनंतरची इद्दत किती, तलाक किती वेळा मागे घेता येतो, तान्ह्या मुलाला पूर्ण दोन वर्षे दूध मिळावे यासाठी काय करायचे, विधवेने चार महिने दहा दिवस कसे थांबायचे, हे सगळे ओळीने येते. २३७वी आयत तर थेट व्यवहाराची आहे. मेहेर ठरली, पण पती-पत्नीचा संबंध येण्याआधीच तलाक झाला, तर अर्धी मेहेर द्यावी. मात्र एकाने आपला हक्क सोडणे अधिक चांगले, आणि एकमेकांशी उदारपणे वागायला विसरू नका, असे तिथे सांगितले आहे.

पुढच्याच आयतीत विषय बदलतो. नमाजा सांभाळा, विशेषतः मधली नमाज, असा आदेश येतो. २३९वी आयत सांगते की भीतीचा प्रसंग असेल तर पायी चालताना किंवा स्वारीवर बसूनही नमाज अदा करा. आणि २४०व्या आयतीत पुन्हा विधवांचा विषय, २४१व्या आयतीत पुन्हा तलाक दिलेल्या स्त्रिया.

नमाजेच्या या दोन आयती इथे का? हा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो, तसाच तो हजार वर्षांपूर्वीच्या भाष्यकारांनाही पडला. त्याचे उत्तर शोधणारी तफसीरची, म्हणजे कुराणभाष्याची, एक स्वतंत्र शाखाच तयार झाली. तिला ‘इल्मुल मुनासबत’ म्हणतात. एका आयतीचा शेजारच्या आयतीशी आणि एका सूरेचा शेजारच्या सूरेशी काय संबंध आहे, हे ही शाखा तपासते.

प्रश्न निर्माण होण्याचे कारण कुराणाच्या रचनेत आहे. मुस्लिम परंपरेनुसार ते सुमारे २३ वर्षांत, मक्का आणि मदिनेत, प्रसंगाप्रसंगाने उतरले. ग्रंथात मात्र ते उतरलेल्या क्रमाने लावलेले नाही. सर्वांत आधी उतरलेल्या समजल्या जाणाऱ्या आयती आज ९६व्या सूरेत आहेत. एखादी आयत उतरली की ती अमुक सूरेत अमुक ठिकाणी ठेवा, असे पैगंबर लेखनिकांना सांगत, असे हदीस सांगतात. त्यामुळे सूरेच्या आतला आयतींचा क्रम पैगंबरांनीच ठरवून दिला, यावर जवळजवळ सर्व विद्वानांचे एकमत आहे.

हा क्रम किती पक्का मानला जाई, ते याच भागातल्या २४०व्या आयतीवरून दिसते. तिच्यात विधवेला वर्षभर घर आणि निर्वाह देण्याची सोय आहे. चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगणाऱ्या २३४व्या आयतीने हा नियम रद्द केला, असे बहुसंख्य विद्वान मानतात. म्हणजे रद्द करणारी आयत ग्रंथात आधी आणि रद्द झालेली नंतर! बुखारींच्या हदीससंग्रहात याबद्दलचा एक प्रसंग नोंदलेला आहे. अब्दुल्ला इब्न झुबैर यांनी तिसरे खलिफा उस्मान यांना विचारले की ही आयत रद्द झाली असताना ती लिहून का ठेवता? आपण कोणतीही गोष्ट तिच्या जागेवरून हलवणार नाही, असे उत्तर उस्मान यांनी दिले. जागा ईश्वरी आदेशाने ठरलेली असेल, तर त्या जागेलाही काही अर्थ असला पाहिजे, या विचारातून मुनासबतीचा शोध सुरू झाला.

या शोधाचे पहिले श्रेय परंपरा अबू बक्र नैसाबुरी यांना देते. ते इसवी सनाच्या दहाव्या शतकात बगदादमध्ये शिकवत. त्यांच्यासमोर आयत वाचली गेली की ही आयत तिच्या शेजारी का ठेवली, ही सूरा त्या सूरेनंतर का आली, असे ते विचारत. बगदादच्या विद्वानांना याची जाण नाही, याबद्दल ते त्यांना दोषही देत. पुढे फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांनी आपल्या विस्तृत भाष्यात जागोजागी हे दुवे दाखवले. १५व्या शतकाच्या उत्तरार्धात बुर्हानुद्दीन बिकाई यांनी तर संपूर्ण कुराणाचे भाष्य याच एका प्रश्नाभोवती लिहिले.

बिकाईंच्या आधी हे काम करणाऱ्यांत मुंबईच्या माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) हेही आहेत. त्यांचा दर्गा मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. त्यांनी अरबीत लिहिलेले भाष्य मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले आहे. आयतींचे परस्परसंबंध उलगडणे हे त्या भाष्याचे वैशिष्ट्य. एक सूरा सोडून प्रत्येक सूरेच्या आरंभी तीच बिस्मिल्लाह येते. माहिमी मात्र दर वेळी तिचा अर्थ त्या त्या सूरेच्या विषयाला धरून वेगळा सांगतात. १९व्या शतकात हे भाष्य कैरोच्या बूलाक छापखान्यात छापले गेले.

दुवा शोधायचा कसा, याचा एक नियम बिकाईंनी आपल्या गुरूंच्या नावाने नोंदवला आहे. आधी संपूर्ण सूरेचा हेतू कोणता ते पाहावे. मग तो हेतू मांडायला कोणत्या गोष्टी आधी सांगाव्या लागतात, आणि त्यांतली कोणती गोष्ट हेतूच्या किती जवळ आहे ते पाहावे. त्यानंतरच शेजारच्या दोन आयतींकडे वळावे. नुसते शेजारी पाहिले की ओढूनताणून काहीही जुळवता येते, हा धोका त्यांच्या लक्षात आलेला होता.

आता २३८व्या आयतीकडे वळू. भाष्यकारांची उत्तरे मुख्यतः तीन प्रकारची आहेत.

पहिले उत्तर राझींकडे मिळते. कायदा सांगून झाला की तो पाळण्याची वृत्तीही घडवावी लागते. नमाज माणसाचा अहंकार मोडते, त्याला आज्ञापालनाची सवय लावते, आणि बायकामुलांच्या व्यापात बुडालेल्या मनाला परलोकाची आठवण देते. म्हणून नियमांच्या जोडीला नमाज. उत्तर पटण्यासारखे आहे, पण त्यात एक उणीव राहते. हेच कारण वारसाहक्काच्या किंवा व्यापाराच्या नियमांनंतरही लागू पडेल. नमाज नेमकी २३७व्या आयतीनंतरच का, हे त्यातून कळत नाही.

दुसरे उत्तर शेजारच्या आयतीचाच धागा पकडते. २३७वी आयत हक्काच्या हिशोबापलीकडे जाऊन माफी आणि औदार्य मागते. तुटलेल्या लग्नात दोन्ही बाजूंची मने कडवट झालेली असतात. अशा वेळी स्वतःच्या हक्काचे पैसे सोडून देणे कोणत्याही न्यायालयाला सक्तीने करून घेता येत नाही. त्यासाठी माणसाला मनातूनच बळ लागते. आयत जिथे हे मागते, तिथेच ते बळ देणारी नमाज पुढे येते. हा दुवा या जागेशी अधिक घट्ट बसतो.

तिसरे उत्तर २०व्या शतकातले आहे. आझमगढ जिल्ह्यातले हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांचे म्हणणे असे, की दोन आयतींमधला दुवा शोधणे पुरेसे नाही. प्रत्येक सूरेला एक मध्यवर्ती विषय असतो आणि तिचा प्रत्येक भाग त्याला बांधलेला असतो. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी ही पद्धत वापरून ‘तदब्बुर-ए-कुरान’ हे नऊ खंडांचे उर्दू भाष्य लिहिले. त्यांच्या मते २३८वी आयत मध्येच आलेली नाही, ती नियमांच्या एका मोठ्या प्रकरणाचा समारोप आहे. याच सूरेच्या १५३व्या आयतीत संयम आणि नमाज यांचा आधार घ्यायला सांगितले आहे. त्यानंतर हज, उपवास, युद्ध, कुटुंब यांचे नियम येतात आणि शेवटी पुन्हा नमाज येते. जणू कुंपणाच्या दोन टोकांना नमाज उभी आहे. पुरावा म्हणून ते दोन सूरा दाखवतात. सूरा मुमिनूनमध्ये सज्जनांच्या गुणांची यादी नमाजेने सुरू होते आणि नमाजेनेच संपते. सूरा मआरिजमध्येही तसेच घडते. मग उरलेल्या २४० ते २४२ या आयतींचे काय? त्या नंतर उतरलेल्या पुरवण्या असून आधीच्या नियमांचा खुलासा करण्यासाठी शेवटी जोडल्या आहेत, असे इस्लाही म्हणतात.

या उत्तराची ताकद अशी की कुराणातच अन्यत्र दिसणाऱ्या रचनेवर ते उभे आहे. त्याची कच्ची बाजूही उघड आहे. चौकटीत न बसणाऱ्या आयतींना पुरवणी म्हटले की चौकट नेहमीच बरोबर ठरते. शिवाय २४०वी आयत २३४व्या आयतीच्या नंतर उतरली असे धरले, तर तिला रद्द मानणाऱ्या बहुसंख्यांच्या मताशी ते जुळत नाही.

मुनासबतीला इस्लामी परंपरेच्या आतूनच विरोध झालेला आहे. इझ्झुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी या शास्त्राला चांगले म्हटले, पण एक अट घातली. विषय एकच असेल आणि त्याची सुरुवात शेवटाला जोडलेली असेल, तिथेच दुवा शोधावा. वीसहून अधिक वर्षांत, वेगवेगळ्या कारणांनी उतरलेले आदेश एकमेकांत गुंफायला जाणे म्हणजे न झेपणारे ओझे उचलणे होय. येमेनचे शौकानी (मृत्यू १८३४) याहून कठोर होते. याच सूरा बकराच्या भाष्यात बिकाईंचे नाव घेऊन त्यांनी या खटाटोपावर सडकून टीका केली आहे. सूरांच्या क्रमाबाबत तर जमीन आणखी भुसभुशीत होते, कारण इब्न मसूद आणि उबय या पैगंबरांच्या सहकाऱ्यांच्या प्रतींमध्ये सूरांचा क्रम वेगळा होता, अशा नोंदी आहेत. तरीही काही जोड्या सहज पटतात. पहिली सूरा फातिहा सरळ मार्ग दाखवण्याची प्रार्थना करते, आणि दुसरी सूरा हा ग्रंथ मार्गदर्शक आहे असे सांगत सुरू होते.

दुवा मानण्या-न मानण्याचे परिणाम कायद्यापर्यंत पोहोचतात. तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतसर काही देण्याचा आदेश २४१व्या आयतीत आहे. ही आयत मागच्या २३६व्या आयतीला जोडली, तर तो आदेश संबंध येण्याआधी तलाक झालेल्या स्त्रियांपुरता उरतो. नंतर आलेला स्वतंत्र खुलासा म्हणून वाचली, तर तो प्रत्येक तलाकशुदा स्त्रीला लागू होतो. जुन्या भाष्यकारांत या दोन्ही बाजू आहेत. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो खटल्याचा निकाल देताना सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी २४१ आणि २४२ याच आयतींचा आधार घेतला, आणि तलाकशुदा पत्नीच्या तरतुदीचे दायित्व कुराण पतीवर टाकते असे म्हटले. त्यानंतर देशभर जो वाद पेटला, त्यात या आयतीतली तरतूद कोणासाठी, किती आणि किती काळ, हा जुन्या तफसीरींमधला प्रश्न पुन्हा मांडला गेला.