पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात ‘नवे-जुने’ कर्जाची तपासणी : भिवंडीच्या संदर्भात

प्रस्तावना :
भिवंडी हे यंत्रमागाचे शहर आहे. सूत व कापडाच्या भावांतील चढउतारांमुळे कर्जाचे हप्ते थकण्याचा धोका येथे नेहमीच असतो. अशा ठिकाणच्या पतसंस्थेचे लेखापरीक्षण करताना थकीत कर्ज कागदोपत्री नियमित दाखविले आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या प्रकारास सहकारी व्यवहारात ‘नवे-जुने’ म्हणतात.

व्यवहाराचे स्वरूप :
एक कल्पित उदाहरण घेऊ. एका यंत्रमागधारक सभासदाकडे २,००,००० रुपये मुद्दल व १४ टक्के दराने एका वर्षाचे २८,००० रुपये व्याज थकले आहे. ३० मार्च रोजी त्यास २,२८,००० रुपयांचे नवे कर्ज मंजूर होते आणि त्याच दिवशी जुने खाते बंद होते. संस्थेत रोख एक रुपयाही येत नाही. परंतु थकबाकी नाहीशी होते व २८,००० रुपये उत्पन्नात धरले जातात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६५ नुसार निव्वळ नफा काढताना थकीत रकमेवरील येणे व्याज वगळावे लागते. संस्थेने १,२०,००० रुपये नफा दाखविला असेल, तर खरा नफा ९२,००० रुपयेच ठरतो. कलम ६६ नुसार नफ्याचा किमान चतुर्थांश राखीव निधीस जातो. म्हणून २३,००० ऐवजी ३०,००० रुपये वर्ग होतात. निधी वाढल्याचे दिसते, पण त्यामागे वसुली नसते. उरलेले २१,००० रुपये लाभांशासाठी उपलब्ध भासतात. ते वाटल्यास प्रत्यक्षात ठेवीदारांचाच पैसा बाहेर जातो.

तपासणीची पद्धत :
लेखापरीक्षकाने मार्चअखेरची हस्तांतर प्रमाणके पाहून एकाच दिवशी बंद व सुरू झालेली कर्जखाती वेगळी काढावीत. नंतर ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवहीशी नाव व भाग पडताळावेत आणि अर्ज, जामीनदारांच्या सह्या व सभेच्या इतिवृत्तातील मंजुरी तपासावी. शिल्लक पडताळणीची पत्रे संस्थेमार्फत न पाठविता स्वतः पाठविणे इष्ट. भिवंडीत परप्रांतातून आलेले कामगार पत्ता बदलतात, त्यामुळे परत आलेले पत्र हा बनावट खात्याचा पुरावा नव्हे. मात्र ते पुढील चौकशीचे कारण निश्चित आहे.

प्रत्येक नूतनीकरण गैर नसते. परतफेडीची क्षमता नव्याने तपासून, कारणे नोंदवून दिलेली मुदतवाढ वेगळी. हेतू कागदावर दिसत नाही, ही लेखापरीक्षणाची मर्यादा होय. म्हणून एप्रिलनंतरचे हप्ते पाहावेत. ते रोखीने येत नसतील व पुढील मार्चमध्ये तोच व्यवहार पुन्हा होत असेल, तर शंका दृढ होते.

अहवाल व सभासद :
‘काही कर्जांचे नूतनीकरण झाले आहे’ एवढा मोघम शेरा सभासदांना काहीच सांगत नाही. खात्यांची संख्या, एकूण रक्कम, उत्पन्नात धरलेले व्याज आणि ते वगळल्यावरचा नफा अहवालात स्वतंत्रपणे यावा. हा अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो, तसेच कलम ८२ नुसार संस्थेस दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो.

निष्कर्ष :
लाभांशास संमती देणाऱ्या सभासदांपुढे वगळलेल्या व्याजाचा आकडा असेल, तरच ती संमती जाणतेपणाची ठरते.