अर्धे पान आत, अर्धे बाहेर

सातवी ते दहावीच्या जीवशास्त्राच्या कृतिपत्रिकेत काही आकृत्या हमखास भेटतात. काचेच्या हंडीखाली ठेवलेले कुंडीतले रोप, रुंद तोंडाच्या बाटलीत अर्धवट घातलेले पान, पाण्यात उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला. खाली प्रश्न असतो, ‘यावरून काय सिद्ध होते?’ मुले पाठ केलेले एक वाक्य लिहितात आणि गुणही मिळतात. पण आकृतीतली कोणती वस्तू तो निष्कर्ष काढण्याचा हक्क देते, हे क्वचितच विचारले जाते.

हंडीचेच पाहा. काही तासांनी काचेला आतून पाण्याचे थेंब लागतात आणि आपण म्हणतो की बाष्पोच्छ्वास झाला. पण कुंडीतली माती ओली आहे, तिच्यातूनही वाफ निघते. म्हणून आकृतीत कुंडी आणि माती प्लॅस्टिकने बुंध्यापर्यंत घट्ट बांधलेली दिसते. शेजारी दुसऱ्या हंडीखाली तशीच बांधलेली, पण रोप नसलेली कुंडी हवी. ती काच कोरडी राहिली, तरच पहिल्या काचेवरचे पाणी रोपाचे. यातून पाणी रोपाच्या जमिनीवरच्या भागातून बाहेर पडते एवढे कळते. ते पर्णरंध्रांतून पडते, हे या आकृतीतून मुळीच सिद्ध होत नाही, तरी उत्तरपत्रिकांत ते सर्रास लिहिलेले सापडते.

यापेक्षा जास्त शिकवतो तो अर्ध्या पानाचा प्रयोग. मॉल या शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो का, हा त्याचा प्रश्न. कुंडीतले रोप आधी एक-दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवतात. दिवसा पानात साठलेला स्टार्च अंधारात साखरेच्या रूपाने निघून जातो आणि पान रिकामे होते. ही पायरी गाळली तर पुढचे सगळेच फुकट, कारण मग दिसणारा स्टार्च आजचा की कालचा हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी त्याच रोपाचे एक पान खुडून तपासावे. आयोडीनने ते निळे-काळे झाले, तर रोप परत अंधारात ठेवावे.

मग रोपावरच असलेल्या एका पानाचा अर्धा भाग, मधोमध चिरलेल्या बुचातून, आडव्या बाटलीत घालतात. बाटलीत थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते, ते आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. बुचाच्या फटीला व्हॅसलीन लावतात. काही तास ऊन दिल्यावर पान खुडून पाण्यात उकळतात, नंतर हरितद्रव्य उतरेपर्यंत अल्कोहोलमध्ये तापवतात. अल्कोहोलचे भांडे गरम पाण्यातच ठेवायचे, थेट ज्योतीवर कधीच नाही, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते. फिके पडलेले पान धुऊन त्यावर आयोडीन टाकले की बाहेरचा अर्धा भाग निळा-काळा होतो आणि आतला पिवळट तपकिरी राहतो.

एकाच पानाचे दोन भाग असल्यामुळे मुळे, पाणी, वय आणि अंधारातला काळ सगळे सारखे आहे. या प्रयोगाची खरी ताकद मला यातच दिसते. पण एक शंका उरते. आतला भाग बंद, दमट बाटलीत होता, त्यामुळे तर स्टार्च बनला नसेल? यावर उपाय म्हणजे तशीच दुसरी बाटली, जिच्यात द्रावणाऐवजी साधे पाणी. तिच्या आतला भागही निळा झाला, तर बाटलीचा दोष नाही. मग आपण म्हणू शकतो की कार्बन डायऑक्साइड काढून घेतला तर स्टार्च बनत नाही.

पान नीट पाहिले तर बुचात दाबलेल्या जागी एक फिका पट्टा दिसतो. मुले त्याला प्रकाशाचा पुरावा समजतात. तिथे प्रकाशही पोचत नाही आणि हवाही, त्यामुळे दोन्हींपैकी कशाच्या अभावाने तो पट्टा फिका राहिला, हे सांगता येत नाही. आतल्या भागात बुचाजवळच निळे डाग दिसले, तर फटीतून हवा शिरली असे समजावे. द्रावण पानाला लागले तर ते पान जाळते, आणि मेलेल्या जागीही स्टार्च बनत नाही. असे पान निकालात धरू नये, कारण ते अपेक्षित उत्तर देते, पण चुकीच्या कारणाने.

हायड्रिलाच्या आकृतीलाही हेच लागू आहे. नरसाळ्यावरच्या परीक्षानळीत बुडबुडे जमले, एवढ्याने कुठला तरी वायू निघतो हेच कळते. तो ऑक्सिजन आहे हे नळीत धुमसती काडी नेल्यावर ती पुन्हा पेटली की ठरते. आणि भांडे अंधारात ठेवल्यावर बुडबुडे थांबले, तरच त्यांचा संबंध प्रकाशाशी जोडता येतो. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडबुडे जवळजवळ बंद होतात, कारण उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते परत सुरू होतात.