सरासरीत लपलेली दोन मुलं

नववीच्या एका लहान तुकडीचा गणिताचा निकाल आपण उदाहरणादाखल घेऊ. मुलं बारा, परीक्षा दोन, दोन्ही शंभर गुणांच्या. सहामाहीत वर्गाची सरासरी ५८ होती, वार्षिकला ती ६० झाली. निकालपत्रकाखाली एवढंच लिहिलं तर वर्ग थोडा सुधारला असं वाटेल आणि कुणी जास्त खोलात जाणार नाही. हजेरी क्रमांकानुसार पूर्ण तक्ता असा:

| क्रमांक | सहामाही | वार्षिक |
|---|---|---|
| १ | ५५ | ६१ |
| २ | ४१ | ५२ |
| ३ | ७४ | ७६ |
| ४ | ६३ | ६७ |
| ५ | ३६ | ४९ |
| ६ | ५८ | ५७ |
| ७ | ७१ | ४८ |
| ८ | ५२ | ५८ |
| ९ | ८६ | ८१ |
| १० | ६८ | ७० |
| ११ | ४४ | ४३ |
| १२ | ४८ | ५९ |

या तक्त्यात चूक काहीच नाही. पण तो वाचताना प्रत्येक ओळीत मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते, आणि आठव्या ओळीपर्यंत पोचताना दुसऱ्या ओळीतलं उत्तर विसरलेलं असतं.

आता हेच आकडे आलेख कागदावर मांडू. दहा सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या रेषा काढायच्या. डावी सहामाहीची, उजवी वार्षिकची. दोन्हींवर प्रमाण एकच: एक मिलिमीटर म्हणजे एक गुण, खाली ३०, वर ९०. प्रत्येक मुलाचे सहामाहीचे गुण डावीकडे, वार्षिकचे उजवीकडे ठिपक्याने दाखवायचे, दोन ठिपके पट्टीने जोडायचे आणि टोकाशी हजेरी क्रमांक व गुण लिहायचे. हा झाला स्लोप चार्ट. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात याच पद्धतीने पंधरा देशांचा सरकारी महसूल १९७० आणि १९७९ या दोन वर्षांसाठी मांडला होता. त्यात स्वीडनची रेषा देशांतर्गत उत्पादनाच्या ४७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर चढते आणि ब्रिटनची ४१वरून ३९वर उतरते. देशांच्या जागी मुलं घेतली की आपलं काम होतं.

आपल्या चार्टवर सगळ्यात आधी नजर जाते ती सात क्रमांकाच्या रेषेकडे. बाकीच्या रेषा थोड्या वर, थोड्या खाली जात असताना ही एकटी आठ रेषांना छेदत खाली येते. सहामाहीत हे मूल वर्गात तिसरं होतं, वार्षिकला अकरावं आहे. त्याच्या शेजारून निघालेली दहा आणि तीन क्रमांकाची मुलं मात्र प्रत्येकी दोन गुणांनी वर गेली. म्हणजे पेपर त्या पातळीच्या मुलांना अवघड गेला, असं म्हणायला जागा उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, की तक्त्यात फरकाचा एक रकाना वाढवला आणि त्यानुसार क्रम लावला, तर वजा २३ तळाशी दिसेलच की. खरं आहे. एवढ्यासाठी चार्ट काढायची गरज नाही. चार्टची खरी करामत अकरा क्रमांकाच्या बाबतीत आहे. ४४वरून ४३, फरक वजा एक. फरकाच्या रकान्यात ही नोंद सहा क्रमांकाच्या वजा एकशेजारी बसते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. चार्टवर मात्र दिसतं, की ४१ आणि ४८वरून निघालेल्या शेजारच्या दोन्ही रेषा अकरा-अकरा गुणांनी चढल्या, ३६वरून निघालेली तेरा गुणांनी चढली, आणि मधली ही एक रेषा आडवीच राहिली. तळाचा सगळा गट वर सरकला आणि हे मूल दहाव्यावरून बाराव्या नंबरावर गेलं. मूल कुठून निघालं, किती हललं आणि त्याच्यासोबत निघालेल्यांचं काय झालं, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतील तेव्हा स्लोप चार्ट तक्त्याला मागे टाकतो. यातली एकच हवी असेल तर तक्ता पुरतो.

संगणकावर हे करायला तीन रकाने पुरतात: क्रमांक, सहामाही, वार्षिक. क्रमांकाच्या रकान्याचं शीर्षक रिकामं ठेवावं. तिन्ही रकाने निवडून लाइन चार्ट घातला की बहुतेक वेळा मुलं आडव्या अक्षावर जातात आणि वेड्यावाकड्या दोनच रेषा उमटतात. अशा वेळी एक्सेलमध्ये `Switch Row/Column` हे बटण दाबावं, म्हणजे प्रत्येक मुलाची स्वतंत्र रेषा मिळते. मग सगळ्या रेषा राखाडी कराव्यात आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या दोन-तीनच रंगवाव्यात. बारा रंग वापरले तर डोळा रंगांतच अडकतो.

फसगत होते ती बहुधा आकडे भरताना. गैरहजर मुलापुढे शून्य भरलं तर रेषा थेट तळाला कोसळते, म्हणून तिथे रकाना रिकामाच ठेवावा. एक परीक्षा वीस गुणांची आणि दुसरी ऐंशीची असेल तर दोन्हींचे टक्के काढावे लागतात. तरीही वीसच्या परीक्षेत एक गुण म्हणजे पाच टक्के होतात, त्यामुळे एका चुकलेल्या गणितानेही रेषा तिरकी दिसते. शिवाय उभ्या रेषा जवळ आणल्या की प्रत्येक चढउतार अधिक तीव्र भासतो. दोन तुकड्यांचे चार्ट शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींचं माप एकच हवं.

अर्थ लावतानाही एक सापळा आहे. तळाची बहुतेक मुलं वर आणि पहिलं मूल खाली, हे चित्र पाहून जादा तासांचा गुण आला असं लगेच वाटतं. पण सहामाहीत ज्यांना फार कमी गुण पडले त्यांच्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट असतो, आणि ज्यांना फार जास्त पडले त्यांच्यातल्या काहींना नेमके येणारेच प्रश्न आलेले असतात. पुढच्या वेळी दोघंही आपोआप मधल्या पातळीकडे सरकतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत नेमकं हेच दाखवलं होतं. जादा तासांचा परिणाम पाहायचा असेल तर तेवढेच गुण असून तासांना न बसलेल्या मुलांच्या रेषाही त्याच चार्टवर हव्यात, आणि तिसऱ्या परीक्षेपर्यंत थांबायला हवं.

साठ मुलांच्या वर्गाला हा चार्ट जसाच्या तसा चालत नाही. रेषांचं जाळं होतं आणि क्रमांक एकमेकांवर चढतात. तिथे सहामाहीच्या गुणांनुसार चार गट करून चार छोटे चार्ट काढावेत. गुण सारखेच असलेली मुलं मग आपसूक एकत्र येतात, आणि तुलना तर त्यांचीच करायची असते. पालकसभेत मात्र तक्ताच बरा, कारण पालकाला आपल्या मुलाचे सगळ्या विषयांचे नेमके गुण हवे असतात आणि इतर मुलांची घसरण त्याला दाखवण्याचं कारणही नाही.

रेषा का घसरली हे चार्ट सांगत नाही. कोणत्या उत्तरपत्रिका आधी काढायच्या, एवढं तो सांगतो: सात आणि अकरा. सातच्या पेपरात शेवटची पानं कोरी आहेत का, अकराच्या पेपरात सहामाहीतल्याच चुका पुन्हा झाल्या आहेत का, हे पाहिल्यावर पुढचा प्रश्न त्या मुलांनाच विचारता येईल.